लघवी गळेल म्हणून पाणी तोडलं, अन् संडासला खडा झाला: वयस्क माणसांचं हे दुखणं ओळखायचं कसं, सोडवायचं कसं?

लग्नाला जायचं असो, एसटीनं तालुक्याला जायचं असो, नाहीतर सप्त्यात कीर्तनाला दोन तास बसायचं असो, घरातली वयस्क माणसं आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. एकदा सवय लागली की ती प्रवासापुरती राहत नाही. घरी असतानाही "नको, मग सारखं उठावं लागतं" म्हणून तांब्या बाजूला सरकवला जातो. कारण विचारलं तर बहुतेक जण सांगत नाहीत. खरं कारण असं असतं की खोकला आला, शिंक आली, बसल्यावरून उठलं किंवा संडासपर्यंत जायला थोडा उशीर झाला की लघवीचे थेंब गळतात, लुगडं किंवा धोतर ओलं होतं आणि त्याची लाज वाटते.

पाणी कमी केल्यावर लघवी थांबेल असा त्यामागचा हिशोब असतो. तो अर्धाच बरोबर आहे. लघवी कमी होते, पण गळणं थांबत नाही. पंधरा दिवसांत दुसरंच दुखणं उभं राहतं. चार-चार दिवस पोट साफ होत नाही, झालं तर बकरीच्या लेंड्यांसारखे कडक खडे पडतात, कुंथून कुंथून जीव जातो. पुढं याच खड्यामुळं लघवी जास्त गळायला लागते. घरचे लघवीसाठी एक औषध आणतात आणि पोटासाठी दुसरं. दोन्हीची गाठ एकाच ठिकाणी आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

पाणी कमी पडलं की संडासला खडा का होतो?

आपण खाल्लेलं अन्न लहान आतड्यातून पुढं सरकतं तेव्हा ते पातळ पेजेसारखं असतं. रोज साधारण दीड लिटर असा पातळ चोथा मोठ्या आतड्यात येतो. त्यातलं पाणी शोषून शरीराला परत देणं हे मोठ्या आतड्याचं काम. शेवटी संडासवाटे त्यातलं शे-दीडशे मिली पाणीच बाहेर जातं. मऊ संडासमध्ये सुमारे पाऊण भाग पाणीच असतं. ते थोडं जरी कमी झालं तरी मऊपणा जातो.

शरीराला बाहेरून पाणी कमी मिळालं की ते आतून वाचवायला लागतं. मूत्रपिंड लघवी घट्ट करतं आणि मोठं आतडं चोथ्यातून जास्त पाणी ओढून घेतं. चोथा वाळला की पुढं हळू सरकतो, हळू सरकला की आतड्यात जास्त वेळ राहतो आणि जास्त वेळ राहिला की आणखी वाळतो. उन्हात टाकलेल्या शेणाचं जे होतं तेच इथं आत होतं. दोन दिवस पुढं ढकललेली संडास चौथ्या दिवशी दगड होते ती यामुळं.

वयस्क माणसांच्या बाबतीत तीन गोष्टी जास्तीच्या आहेत. वयाबरोबर तहानेची जाणीव कमी होते, म्हणून पाणी कमी पडलंय हे त्यांना स्वतःला कळत नाही. मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची ताकदही कमी झालेली असते, त्यामुळं पाणी तोडलं तरी लघवीवाटे ते तरुण माणसापेक्षा जास्त निघून जातं. तिसरं म्हणजे हालचाल कमी आणि दात नसल्यानं जेवण मऊ, चोथा कमी. त्यात पाणी तोडलं की आतड्याला ढकलायला काही उरत नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जो माणूस आधीच पुरेसं पाणी पितो त्याला आणखी तीन तांबे पाजून बद्धकोष्ठ जात नाही. जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जातं. पाण्याचा फायदा होतो तो पाणी तोडलेल्या माणसाला. म्हणून आधी मोजायचं आणि मग ठरवायचं.

खड्यामुळं लघवी जास्त का गळते?

लघवीची पिशवी आणि संडास साठण्याची जागा, म्हणजे मलाशय, ओटीपोटात एकमेकांना लागून असतात. मागची जागा कडक खड्यांनी भरून फुगली की पुढची पिशवी दाबली जाते. दाबलेल्या पिशवीत लघवी कमी मावते, म्हणून सारखी घाई होते. काही वेळा खड्याचा दाब लघवीच्या वाटेवर येतो, तेव्हा पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. आत उरलेली लघवी मग खोकल्याबरोबर बाहेर येते किंवा थेंब थेंब गळत राहते.

दुसरं कारण कुंथण्याचं. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. लघवी आणि संडास दोन्ही तीच धरून ठेवते. बायकांमध्ये बाळंतपणांनी ती आधीच सैल झालेली असते. रोज जोर लावून कुंथलं की ती आणखी खाली ओढली जाते आणि शिंकेसरशी गळणं वाढतं.

तिसरं कारण घट्ट लघवीचं. पाणी तोडल्यावर लघवी गडद आणि उग्र वासाची होते. अशी लघवी पिशवीला टोचते, जळजळ होते आणि थोडी साठली तरी जावंसं वाटतं. शिवाय पाणी कमी प्यायलं तर पिशवी धुतली जात नाही, जंतू वाढतात, आणि जंतुसंसर्ग झाला की घाई आणि गळणं दुप्पट होतं.

म्हणजे चक्र असं फिरतं: गळण्याच्या भीतीनं पाणी तोडलं, पाणी तोडलं म्हणून खडा झाला, खड्यानं पिशवी दाबली, दाबली म्हणून गळणं वाढलं, वाढलं म्हणून पाणी आणखी तोडलं. हे चक्र खड्यापाशीच तोडावं लागतं. पाणी तोडून ते कधीच तुटत नाही.

घरच्यांनी ओळखायचं कसं?

वयस्क माणूस आपण होऊन सांगत नाही, म्हणून खुणांवर लक्ष ठेवावं. रात्री उशाला ठेवलेला तांब्या सकाळी भरलेलाच असतो. गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली जाते. बाहेर जायचं म्हटलं की चहासुद्धा नको असतो. कपडे लपवून धुतले जातात किंवा अंथरुणाखाली प्लास्टिकची पिशवी घातलेली दिसते. संडासला बसायचा वेळ वाढतो, वीस-पंचवीस मिनिटं दार उघडत नाही. जेवण कमी होतं, कारण पोट भरल्यासारखं वाटतं.

लघवीचा रंग ही सोपी खूण आहे. गव्हाच्या वाळल्या काडासारखा फिका पिवळा असला तर ठीक. कोऱ्या चहासारखा गडद असला तर पाणी कमी पडतंय. पण ताकदीच्या गोळ्यांनी, म्हणजे बी व्हिटॅमिननं, लघवी गर्द पिवळी होते, त्यावरून घाबरू नये. हाताची कातडी चिमटीत धरून पाणी कमी आहे का बघण्याची पद्धत वयस्क माणसात उपयोगाची नाही, कारण वयानं कातडी तशीही सैल असते. त्यापेक्षा जीभ कोरडी पडणं, उठल्यावर गरगरणं आणि एकदम गप्प किंवा भ्रमिष्टासारखं वागणं या खुणा जास्त खऱ्या.

एक खूण बहुतेक घरांना फसवते. आठवडाभर संडास नाही आणि मग अचानक पातळ पाणी कपड्यात गळायला लागतं. घरच्यांना वाटतं जुलाब लागले आणि ते जुलाब थांबवायची गोळी देतात. प्रत्यक्षात आत खडा घट्ट अडकलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेनं झिरपत असतं. जुलाब बंद करायच्या गोळीनं खडा आणखी पक्का होतो. आधी कडक, मग काही नाही आणि मग नकळत पातळ गळणं, असा क्रम दिसला तर गोळी न देता डॉक्टरकडं न्यावं. बोटानं तपासल्यावर मिनिटभरात कळतं.

एका घरातला हिशोब

गावोगावी थोड्याफार फरकानं दिसणारं एक उदाहरण घेऊ. सत्तरीच्या एक आजी आहेत. रक्तदाबाची गोळी चालू, शिवाय अशक्तपणासाठी लोहाची आणि हाडांसाठी कॅल्शियमची गोळी. खोकल्यावर आणि घाई झाल्यावर लघवी गळते, म्हणून दोन वर्षांपासून पाणी कमी केलेलं. संडास चौथ्या दिवशी, लेंड्यांसारखी. सुनेनं तीन दिवस एका वहीत सगळं लिहून काढलं.

सकाळचा चहा १०० मिली. नऊ वाजता भाकरीबरोबर अर्धा पेला पाणी, १०० मिली. अकराचा चहा ८० मिली. दुपारच्या जेवणाला अर्धा पेला, १०० मिली. पाचचा चहा ८० मिली. रात्रीच्या जेवणाला दोन घोट, ५० मिली. रात्रीच्या गोळीला ५० मिली. सगळं मिळून ५६० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त, आणि त्यातही जवळपास निम्मा चहा. लघवीला दिवसा सात वेळा, रात्री तीन वेळा, गळणं दिवसातून चार वेळा.

या वहीतून पहिली गोष्ट अशी दिसली की पाणी इतकं कमी असून लघवीला दहा वेळा जावं लागतंय. म्हणजे अडचण जास्त पाण्याची नाही. पिशवी दाबलेली आणि चिडलेली आहे.

पहिलं पाऊल डॉक्टरकडं. तिथं रक्तातली साखर, लघवी आणि पोट तपासलं गेलं. मलाशयात खडा भरलेला निघाला. तो काढल्याशिवाय वरून पाणी आणि भाज्या वाढवून उपयोग नसतो, उलट पोट फुगतं. गुदद्वारात घालायची ग्लिसरीनची कांडी, गरज वाटली तर एनिमा, आणि नंतर रात्री लॅक्ट्युलोजचं पातळ औषध असं डॉक्टरांनी ठरवून दिलं. लॅक्ट्युलोज आतड्यात पाणी धरून ठेवतं, म्हणून संडास मऊ राहते. पहिल्या काही दिवसांत गॅस आणि पोट फुगल्यासारखं होतं, ते हळूहळू कमी होतं. लोहाची गोळी संडास कडक करते, म्हणून ती रोज हवी की एक दिवसाआड चालेल हेही डॉक्टरांनाच विचारलं. कोणतीही गोळी घरच्या मतानं बंद केली नाही.

दुसरं पाऊल पाण्याचं. एकदम दोन लिटर चालू केलं नाही. दर तीन दिवसांनी २०० मिलीचा एक पेला वाढवला. पहिले तीन दिवस फक्त सकाळी उठल्यावर एक पेला कोमट पाणी. चौथ्या दिवसापासून दहा वाजताचा पेला. सातव्या दिवसापासून दुपारच्या जेवणाबरोबर एक पेला जास्त. दहाव्या दिवसापासून तीन वाजता ताक. तेराव्या दिवसापासून पाच वाजताचा पेला. पाच पेले म्हणजे एक लिटर वाढलं आणि एकूण १५६० मिलीवर आलं. संध्याकाळी साडेसहानंतर मात्र जेवणापुरतं आणि गोळीपुरतंच पाणी ठेवलं.

पहिल्या आठ-दहा दिवसांत लघवीचं प्रमाण वाढतं आणि गळणंही थोडं जास्त वाटतं. बहुतेक घरात इथंच प्रयोग सुटतो. आजींनाही असंच वाटलं. त्या दिवसांपुरता सुती कापडाचा घडीचा पट्टा वापरला आणि दर दोन तासांनी, घाई असो नसो, लघवीला जाऊन आल्या. खडा निघाल्यामुळं पिशवीला जागा मिळाली होती आणि लघवी फिकी झाल्यावर जळजळ कमी झाली.

सहाव्या आठवड्याला पुन्हा तीन दिवसांची वही भरली. संडास एक दिवसाआड, मऊ, पाच-सात मिनिटांत. लघवीला दिवसा सहा-सात वेळा, पण दर वेळी जास्त. रात्री एकदा. गळणं दिवसातून चार वेळांवरून एकावर. शिंकेबरोबर येणारे थेंब उरले, कारण ते सैल स्नायूंमुळं आहेत आणि पाण्यानं जात नाहीत. त्यासाठी व्यायाम वेगळा.

पाणी किती आणि कधी?

सर्वसाधारण वयस्क माणसाला दिवसभरात दीड ते दोन लिटर पातळ पदार्थ लागतात. २०० मिलीच्या पेल्यानं मोजलं तर सात-आठ ते दहा पेले. यात निव्वळ पाणीच धरायचं नाही. ताक, वरणाचं पाणी, पेज, दूध, कढी आणि चहासुद्धा यात मोजतात. एप्रिल-मेच्या उन्हात आणि शेतात काम करणाऱ्याला यापेक्षा जास्त लागतं.

वेळेची वाटणी महत्त्वाची. बराचसा भाग संध्याकाळी सहाच्या आत संपवावा. झोपायच्या आधी दोन तास घोटभरच. एका दमात तांब्या रिकामा केला तर अर्ध्या-पाऊण तासात जोराची घाई होते, म्हणून एक पेला सावकाश पंधरा मिनिटांत प्यावा. चहा-कॉफी पिशवीला चाळवते. दिवसाला दोन कप पुरे, आणि संध्याकाळचा कप पाचच्या आत.

पायावर सूज असणाऱ्यांचं एक वेगळंच गणित असतं. दिवसभर पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि लघवी होऊन बाहेर पडतं. अशा माणसानं पाणी तोडलं तरी रात्री उठावंच लागतं. दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडलं तर हे पाणी दिवसाच निघून जातं. लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल तर ती सकाळी घ्यायची आहे की दुपारी, हे डॉक्टरांना विचारून पक्कं करावं. तीच गोळी रात्री घेतली जात असेल तर रात्रीच्या फेऱ्यांचं कारण तिथंच सापडतं.

हृदय कमजोर असलेल्यांना, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि यकृताच्या आजारानं पोटात पाणी होणाऱ्यांना डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते. त्यांनी वरचा हिशोब लावू नये. त्यांच्यासाठी संडास मऊ ठेवायचं औषध वेगळं असतं. मधुमेह असलेल्या माणसाला एकदम जास्त लघवी आणि जास्त तहान लागली असेल तर पाणी तोडणं फार धोक्याचं. आधी साखर तपासावी.

इसबगोल, एरंडेल आणि इतर घरगुती उपाय

पोट साफ होत नाही म्हटलं की पहिल्यांदा इसबगोल आणलं जातं. इसबगोल पाणी शोषून फुगतं आणि संडासला मऊ आकार देतं. पण पाणीच नसेल तर ते आतड्यात चिकट गोळा होऊन बसतं. पाणी तोडणाऱ्या माणसाला इसबगोल देणं म्हणजे कोरड्या जमिनीत खत टाकण्यासारखं आहे. एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावं, वरून आणखी एक पेला प्यावा. झोपताना, आडवं पडायच्या आधी घेऊ नये. गिळताना अडकतं असं सांगणाऱ्या माणसाला तर देऊच नये. आत खडा अडकलेला असताना तो निघेपर्यंत इसबगोल थांबवावं.

कोंडा, पालेभाजी, पेरू, पपई यांचंही तसंच. चोथा वाढवायचा तर पाण्याबरोबर आणि थोडा थोडा वाढवावा. दात नसतील तर शिजवलेली भोपळ्याची भाजी, मुगाचं वरण, भिजवलेलं अंजीर, पिकलेली पपई सोपी पडते.

एरंडेल आतड्याला चाबूक मारल्यासारखं ढकलतं. पोटात मुरडा येतो, जुलाब होऊन आहे ते पाणीही निघून जातं आणि दोन दिवसांनी परत खडा. वयस्क माणसानं ते सवयीनं घेऊ नये. बाजारातल्या चूर्णांमध्ये बऱ्याचदा सोनामुखी असते. तीही आतड्याला ढकलणारीच, म्हणून चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांना पुडी दाखवावी.

डॉक्टरांना सांगायची औषधं

संडास कडक करणारी काही औषधं वयस्क माणसाच्या रोजच्या डब्यात असतात. लोह, कॅल्शियम, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि ट्रॅमाडॉलसारख्या कडक वेदनाशामक गोळ्या त्यात येतात. सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते लघवीची घाई थांबवायच्या गोळ्यांकडं. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन या नावांच्या गोळ्या लघवीच्या पिशवीला शांत करतात, पण त्याच वेळी आतड्यालाही मंद करतात आणि तोंड कोरडं पाडतात. आधीच पाणी तोडलेल्या माणसाला या गोळ्या चालू केल्या आणि पोटाकडं कुणी बघितलं नाही, तर खडा पक्का होतो आणि गोळी असूनही गळणं सुरूच राहतं. म्हणून लघवीसाठी डॉक्टरकडं जाताना संडास किती दिवसांनी आणि कशी होते हे न विचारता सांगावं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून सोबत न्यावीत.

बसायची पद्धत आणि संडासची वाट

चहा-नाश्ता पोटात गेल्यावर आतड्याला आपोआप हालचाल येते. ही वेळ सकाळी अर्धा तासभर असते. त्या वेळी संडासला जाऊन बसावं, आली नाही तर दहा मिनिटांत उठावं. आलेली हाक "नंतर जाऊ" म्हणून दाबू नये.

उकिडवं बसल्यावर संडासची वाट सरळ होते. गुडघ्यांमुळं ते जमत नसेल आणि कमोडवर बसत असतील, तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवावा. गुडघे कंबरेपेक्षा वर आले, कोपरं मांडीवर टेकून थोडं पुढं वाकलं की निम्मा जोर वाचतो.

बऱ्याच घरात खरा अडथळा पिशवीचा नसून वाटेचा असतो. संडास परसात, मधे अंधार, ओली फरशी, रात्री साप-विंचवाची भीती. अशा घरात वयस्क माणूस पाणी तोडणारच. रात्रीपुरती खाटेजवळ झाकणाची बादली किंवा कमोडची खुर्ची ठेवली, वाटेत दिवा लावला, संडासात भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवला, तर पाणी प्यायची भीती निम्मी जाते. खुर्ची डगमगणारी नको. मधे भोक पाडलेली हलकी प्लास्टिकची खुर्ची मागं कलंडते. पुरुषांच्या लेंग्याची नाडी सुटायला वेळ लागतो, त्याजागी इलास्टिक घालून द्यावं.

लघवी धरण्याचा व्यायाम

वायू सरायची अडवताना आणि लघवी मधेच थांबवताना जे स्नायू आवळले जातात, तेच आवळायचे. पोट, मांड्या आणि श्वास मोकळे ठेवायचे. पाच सेकंद आवळून धरायचं, पाच सेकंद सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, बसून किंवा पडून. हळूहळू पाचचे दहा सेकंद करायचे. लघवी करताना हा व्यायाम करू नये, त्यानं पिशवी अर्धी भरलेली राहते. फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात.

अचानक घाई आली तर पळू नये. पळण्यात कपडे ओले होतात आणि पाय घसरतो. आहे तिथं थांबावं किंवा बसावं, स्नायू पटापट पाच-सहा वेळा आवळावेत, घाईची लाट ओसरली की चालत जावं. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं की आधीच आवळून धरावं. लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून, थोडं पुढं वाकून पुन्हा एकदा करावी, म्हणजे आत उरत नाही.

प्रवासाला निघताना पाणी पूर्ण तोडण्याऐवजी दोन तास आधीपर्यंत नेहमीसारखं प्यावं, निघण्याआधी दोनदा लघवीला जाऊन यावं आणि पिशवीत एक जास्तीचा पट्टा व कपडा ठेवावा. पोहोचल्यावर राहिलेलं पाणी पिऊन घ्यावं.

ताबडतोब दवाखाना कधी?

लघवी पूर्ण बंद झाली आणि ओटीपोट फुगून दुखायला लागलं तर थांबू नये. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांमध्ये संडासचा खडा हे अशा अडवणुकीचं नेहमीचं कारण आहे. पोट ताठ फुगलं, वायूही सरत नाही आणि उलट्या होतात, तर आतडं अडकल्याची शंका असते. अशा वेळी रेचक देऊ नये, १०८ ला फोन करावा. थंडी-ताप आणि लघवीला जळजळ, एकदम भ्रमिष्टपणा, किंवा कमरेत दुखून पायातली ताकद जाणं आणि लघवी-संडासचा ताबा अचानक सुटणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवावं.

संडासवाटे रक्त, कारण नसताना वजन उतरणं, किंवा कधीही त्रास नसलेल्या माणसाला पन्नाशीनंतर नव्यानं बद्धकोष्ठ सुरू होणं, हे मूळव्याध म्हणून सोडून देऊ नये. तपासणी करून घ्यावी. लघवीत रक्त दिसलं तरी तसंच.

बाकीच्यांनी सुरुवात वहीपासून करावी. तीन दिवस, चार रकाने: काय आणि किती प्यायलं, लघवीला किती वेळा, गळणं किती वेळा आणि कशानं, संडास कधी आणि कशी. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ही वही दाखवली की तोंडानं सांगायला लाज वाटणाऱ्या निम्म्या गोष्टी कागदावरच कळतात. आजी-आजोबांना डॉक्टरांसमोर सुनेपुढं किंवा मुलापुढं बोलायचा संकोच वाटत असेल, तर घरच्यांनी पाच मिनिटं बाहेर थांबावं किंवा आशाताईंना सोबत द्यावं.